आजीचा चष्मा कोणी लपवला? मोठ्या शिशूत गोष्टीनंतर विचारलेल्या प्रश्नांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली ही मराठी माध्यमाची बालवाडी. मोठ्या शिशूच्या वर्गात पाच ते सहा वर्षांची 24 मुलं. बहुतेकांच्या घरी मराठी बोलतात, काहींच्या घरी अहिराणी आणि दोघांच्या घरी हिंदी. वर्गाच्या ताई अनुभवी आहेत आणि त्यांचं वाचन ऐकत राहावं असं आहे. खाऊच्या सुट्टीनंतर मुलं सतरंजीवर अर्धगोलात बसतात, ताई चित्रांचं पुस्तक मुलांकडे वळवून धरतात आणि सावकाश वाचतात. गोष्ट संपली की दहा मिनिटं प्रश्न. मी या बालवाडीत मार्गदर्शक म्हणून जाते. मुलांची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत आणि पुस्तकाचं नाव दिलेलं नाही.

पुढचं सगळं ज्या गोष्टीवर उभं आहे, ती आधी सांगते. मिनूची आजी काही दिवसांसाठी राहायला आली आहे. रोज रात्री ती चष्मा लावून मिनूला गोष्ट वाचून दाखवते. एके दिवशी आजी लुगड्यांच्या घड्या घालून पिशवीत ठेवते. "उद्या सकाळी सातची एसटी," ती म्हणते. त्या रात्री मिनू अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवते. पुढच्या पानावर एकही शब्द नाही. अंधारं स्वयंपाकघर, स्टुलावर चढलेली मिनू आणि तिची एक घट्ट मिटलेली मूठ. सकाळी आजीचा चष्मा सापडत नाही. घरभर शोधाशोध चालू आहे आणि चित्रात मिनू तांदळाच्या डब्यावर बसलेली आहे. बाहेर हॉर्न वाजतो, एसटी निघून जाते. दुपारी आई भातासाठी डबा उघडते तर आत चष्मा! आजी मिनूकडे बघते, काही बोलत नाही, तिला मांडीवर घेते. शेवटच्या पानावर आजी म्हणते, "सातची एसटी उद्याही असते." चित्रात पिशवी दारापाशीच आहे, पण अर्धी रिकामी झालेली.

चष्मा मिनूने लपवला असं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. का लपवला हेही नाही. आजीला कळलं की नाही, तेही नाही. म्हणजे गोष्टीचा गाभा मुलांनी स्वतः जोडून घ्यायचा आहे. म्हणून तर ताईंनी हे पुस्तक निवडलं होतं.

अडचण

पहिल्या दिवशी मी मागे बसून ताईंचे प्रश्न आणि मुलांची उत्तरं जशीच्या तशी उतरवून घेतली. ताईंनी एकूण 14 प्रश्न विचारले. "गोष्टीतल्या मुलीचं नाव काय?" "आजीचं काय हरवलं?" "चष्मा कुठे सापडला?" "डबा कोणी उघडला?" "एसटी किती वाजताची होती?" अशा 11 प्रश्नांना वर्गाने एका सुरात, छपराला आवाज पोचेल अशी उत्तरं दिली. मग ताईंनी विचारलं, "मिनूने चष्मा का लपवला?"

वर्ग गप्प झाला. मग पुढच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "ती वाईट आहे." दुसरा म्हणाला, "माझ्या आजोबांचा चष्मा पण फुटला." दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "चोरी करू नये." ताईंनी पुन्हा विचारलं, "नाही, पण का लपवला असेल? विचार करा ना!" कोणी बोललं नाही. शेवटी ताईंनीच सांगितलं, "आजीने जाऊ नये म्हणून ना?" सगळे म्हणाले, "होऽऽ." मग आला नेहमीचा शेवटचा प्रश्न, "या गोष्टीतून आपण काय शिकलो?" आणि वर्गाने ठणकावून सांगितलं, "चोरी करू नये!"

गोष्ट होती आजी आणि नातीच्या मायेची. मुलांच्या हाती लागली चोरी.

नंतर ताई म्हणाल्या, "मॅडम, 'काय' आणि 'कुठे' येतं यांना. 'का' म्हटलं की संपलं. वय लहान आहे, पहिलीत गेल्यावर जमेल." असं वाटणाऱ्या त्या एकट्या नाहीत. पण त्याच सकाळी याच मुलांनी एक गोष्ट केली होती. ताईंनी खाऊच्या आधीच हजेरीपट आणि पर्स टेबलावर आणून ठेवली, तेव्हा खिडकीपाशी बसणारा मुलगा म्हणाला, "ताई, आज तुमची मीटिंग आहे? लवकर जाणार?" त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पर्स टेबलावर दिसणं आणि मागच्या वेळी मीटिंग असणं, या दोन गोष्टी त्याने आपल्या आपण जोडल्या. हे अनुमानच आहे. मग पुस्तकासमोर तेच मूल का अडावं?

उतरवून घेतलेले प्रश्न आम्ही दोघींनी पुस्तकाशेजारी ठेवून पाहिले. 11 आठवणीच्या प्रश्नांमधला एकही प्रश्न घडी घातलेल्या लुगड्यांबद्दल, अर्ध्या भाकरीबद्दल किंवा रात्रीच्या गोष्टीबद्दल नव्हता. "एसटी किती वाजताची" हा प्रश्न होता, पण एसटीने कोण, कुठे जाणार होतं हे विचारलेलं नव्हतं. म्हणजे मुलांनी जे आठवलं ते 'का'च्या उत्तराला उपयोगाचं नव्हतं आणि जे उपयोगाचं होतं ते कोणी आठवायलाच लावलं नव्हतं. मिनूचं नाव, सात वाजले, डबा आईने उघडला, एवढ्यावरून तिच्या मनातलं कारण मोठ्या माणसालाही काढता येणार नाही.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. सोप्या प्रश्नांनी मुलं 'गरम' होतात आणि मग अवघड प्रश्न झेलतात, अशी एक समजूत असते. तसं होत नाही. सोप्या प्रश्नाचं काम एकच आहे, पुढच्या अवघड प्रश्नाला लागणारा पुरावा मुलाच्या हातात आणून देणं. तो पुरावा न देणारे दहा सोपे प्रश्न विचारले तरी अकरावा प्रश्न तितकाच अवघड राहतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ताईंचाच होता. अनुमानाचे प्रश्न पहिलीवर सोडायचे आणि इथे शब्दसंपत्तीवर भर द्यायचा. पर्सचा प्रसंग ताजा असल्यामुळे ताईंनी तो स्वतःच मागे घेतला.

दुसरा पर्याय, वाचता वाचता थांबून विचारायचं. याचा फायदा खरा आहे, कारण पुरावा डोळ्यासमोर असतानाच प्रश्न येतो. पण ताईंना पहिलं वाचन मोडायचं नव्हतं. स्टुलावरच्या मिनूचं मुकं पान उलटताना वर्गात जी शांतता पसरली होती ती मीही पाहिली होती, आणि तिथे थांबून "ही काय करतेय?" असं विचारणं मला स्वतःलाही नको वाटलं. पहिलं वाचन सलग आणि प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या वाचनानंतर, असं ठरलं.

चित्रांच्या कार्यपत्रिकांचाही विषय निघाला आणि लगेच बाजूला पडला. बरोबर चित्राला गोल करणारं मूल कशावरून तिथे पोचलं, हे त्या गोलावरून कळत नाही.

उरला पर्याय प्रश्नांची माळच नव्याने ओवण्याचा. यासाठी मी ताईंना मॅरियन ब्लँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये मांडलेल्या चार पातळ्या दाखवल्या. समोर दिसतं त्याचं नाव सांगणं ही पहिली. त्याचं वर्णन करणं, काय घडलं ते आठवणं ही दुसरी. दोन गोष्टी जोडणं, क्रम लावणं, पुढे काय होईल किंवा दुसऱ्याला काय वाटेल ते सांगणं ही तिसरी. आणि कारण देणं, 'कशावरून' ते सांगणं ही चौथी. ताईंचे 11 प्रश्न पहिल्या दोन पातळ्यांवरचे होते आणि 'का' थेट चौथीवरचा. तिसरी पायरी नव्हतीच. या पातळ्या म्हणजे इयत्ता नव्हेत, हेही बोलणं झालं. एकाच गोष्टीत, एकाच मुलाला चारही पातळ्यांवर फिरवता येतं आणि मूल अडलं की एक पायरी खाली उतरून पुन्हा वर नेता येतं.

प्रश्नांची माळ उलटी ओवली

आम्ही शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केली. आधी अनुमानाचा प्रश्न लिहिला: मिनूने चष्मा का लपवला? मग त्याचं उत्तर ज्या पानांवर लपलं आहे ती पानं शोधली. रात्रीच्या गोष्टीचं पान, लुगड्यांचं, अर्ध्या भाकरीचं आणि स्टुलाचं, अशी चार निघाली. मग फक्त या पानांवरचे आठवणीचे प्रश्न लिहिले आणि मध्ये जोडणारे दोन प्रश्न घातले. मिनूचं नाव, डबा कोणी उघडला वगैरे सगळं गाळलं. 14 प्रश्नांचे सात झाले:

रोज रात्री आजी आणि मिनू काय करायच्या? आजीने पिशवीत काय काय भरलं? पिशवी भरून आजी कुठे निघाली असेल? त्या रात्री मिनूने ताटात काय ठेवलं? तेव्हा मिनूला कसं वाटत असेल? चष्मा डब्यात कोणी ठेवला, कशावरून? आणि का?

"काय शिकलो?" या प्रश्नाला सुट्टी दिली. ताईंना हे जड गेलं. तात्पर्याशिवाय गोष्ट संपवायची सवय आपल्याकडे कुणालाच नाही. पण तो प्रश्न आला की मुलं गोष्ट सोडून ताईंना आवडेल ते उत्तर शोधू लागतात, हे आदल्या दिवशी दोघींनीही ऐकलं होतं.

आणखी दोन गोष्टी ठरल्या. एक, थांबण्याची. अमेरिकेत 1970 च्या दशकात मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं त्यांना दिसलं. ही वेळ तीन सेकंदांच्या वर नेली की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. ताईंनी पुस्तकामागे धरलेल्या हाताची पाच बोटं एकेक करून दाबायची आणि मगच बोलायचं, असं ठरवलं. दुसरी गोष्ट, पुस्तक कधी मिटलेलं ठेवायचं याची. इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकीओन यांनी 2001 मध्ये लिहिलं होतं की लहान मुलं उत्तर देताना ऐकलेल्या मजकुरापेक्षा चित्राकडे आणि स्वतःच्या अनुभवाकडे धाव घेतात. आमच्या पुस्तकात अर्धी गोष्ट चित्रातच आहे, त्यामुळे चित्र लपवून चालणार नव्हतं. म्हणून आठवणीचा प्रश्न मिटलेल्या पुस्तकावर विचारायचा आणि 'कशावरून' विचारलं की मुलाने उठून, पान उघडून बोट ठेवायचं.

वर्गात काय झालं

दुसऱ्या वाचनानंतर पहिले दोन प्रश्न सहज गेले. तिसऱ्याला, "आजी कुठे निघाली असेल?" याला, मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "बाजाराला. चष्मा हरवला म्हणून बाजाराला जाता नाही आलं."

ताई क्षणभर थबकल्या. "नाही, गावाला" म्हणून पुढे जाणं सोपं होतं. पण या मुलाच्या घरी आजी-आजोबा एकत्रच राहतात आणि त्यांच्याकडे एसटीने जाणं म्हणजे आठवडी बाजाराला जाऊन संध्याकाळी परतणं. त्याचा विचार त्याच्या अनुभवाला धरून अगदी बरोबर होता. आजी परत येणार असेल तर मिनूने वाईट वाटून घ्यायचं कारणच नाही आणि मग चष्मा लपवणं ही नुसती खोडी ठरते. आदल्या दिवशीचं "ती वाईट आहे" हे उत्तर कदाचित इथूनच आलं असावं.

ताई एक पायरी खाली उतरल्या. "पिशवीत काय भरलं होतं आजीने?"

"लुगडी."

"किती? एक?"

तो उठला, पान उघडून मोजली. "चार."

"बाजाराला जाताना तुझी आजी काय नेते?"

"रिकामी पिशवी."

ताईंनी बोटं दाबली. पाचवं बोट दाबायच्या आत तो म्हणाला, "मग ही राहायला चालली. तिच्या घरी."

अनुमान शिकवता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा संवाद पाहावा. ताईंनी उत्तर सुचवलं नाही, फक्त उत्तराचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले. भरलेली पिशवी आणि रिकामी पिशवी. जोडणी त्याने केली.

यापुढे वर्गाचा सूर बदलला. अर्ध्या भाकरीच्या प्रश्नाला "पोट भरलं होतं" असं एक उत्तर आलं. तेही शक्य आहे, आणि ताईंनी ते चूक म्हटलं नाही. "अजून काय असेल?" म्हटल्यावर अहिराणी बोलणाऱ्या एका मुलाने आपल्या भाषेत सांगितलं की रडू आलं की घास गिळत नाही. ताईंनी ते मराठीत पुन्हा म्हटलं, दुरुस्त केलं नाही. तीन ते आठ वयोगटासाठीचा 2022 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा मुलांच्या घरच्या भाषेला वर्गात जागा द्यायला सांगतो. त्या जागेने काय साधतं ते इथे दिसलं. मराठी शब्द शोधत बसला असता तर हा मुलगा बोललाच नसता आणि 'का'च्या उत्तराचा सर्वांत महत्त्वाचा तुकडा वर्गाला मिळाला नसता.

चष्मा कोणी ठेवला याला बहुतेकांनी मिनूचं नाव घेतलं आणि "कशावरून?" म्हटल्यावर मुठीच्या चित्रावर बोट ठेवलं. एका मुलीने मात्र दुसरं पान उघडलं, शोधाशोधीचं. "सगळे शोधतायत. ही डब्यावर बसलीय. उठत नाही." मूठ दिसते तशी आहे. न उठण्याचा अर्थ मात्र लावावा लागतो. ही मुलगी आदल्या दिवशी एक शब्दही बोलली नव्हती.

मग ताईंनी शेवटचा 'का' विचारला. दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "ती चोर आहे."

ताईंनी पहिल्या दिवशी या उत्तराला "नाही" म्हटलं होतं. आज त्यांनी विचारलं, "कशावरून?"

"न विचारता घेतला."

हे तर खरंच होतं. ताईंनी वर्गाकडे पाहिलं आणि थांबल्या. खिडकीपाशी बसणारा मुलगा म्हणाला, "चोर घरात नाही ठेवत. चोर घेऊन पळतो." कुणीतरी म्हणालं, "तिला चष्मा नव्हता पाहिजे, आजी पाहिजे होती." आणि मग वेण्यांच्या मुलीनेच पुढे जोडलं, "रात्री गोष्ट कोण सांगणार मग?"

त्या मुलीने मत बदललं हे मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. ती पहिल्या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत, रोज रात्रीच्या गोष्टीपर्यंत, स्वतः चालत मागे गेली, हे महत्त्वाचं. त्यासाठीच तो प्रश्न माळेत होता.

एक कठीण क्षण

तिसऱ्या दिवशी ताईंनी गोष्ट मुलांच्या आयुष्याशी जोडायचं ठरवलं होतं. "तुमच्या घरून कोणी जायला निघालं की तुम्हाला कसं वाटतं?" मामा, आत्या, मुंबईला कामाला असलेले बाबा अशी उत्तरं येत होती. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "माझी आजी देवाघरी गेली." पुढचा प्रश्न कागदावर लिहिलेला होता, "आजी उद्या जाईल का?"

ताईंनी कागद खाली ठेवला. "तुला आठवण येते का आजीची? काय करायची ती तुझ्यासाठी?" मुलीने सांगितलं, "लाडू करायची." दोन मुलांनी आपल्या आजीचे लाडू सांगितले आणि ताईंनी तो तास तिथेच थांबवला. उद्या आजी जाईल की राहील, हा प्रश्न दोन दिवसांनी झाला. माझ्या मते हा निर्णय अचूक होता. प्रश्नांची माळ कितीही नीट ओवलेली असो, मुलाच्या खऱ्या दुःखासमोर ती पुढे रेटायची नसते. मात्र ही शक्यता पुस्तक निवडतानाच लक्षात घ्यायला हवी. आजी, आजार, घर सोडणं हे विषय असतील तर कोणत्या मुलाच्या घरी नुकतं काय घडलं आहे, हे ताईंना आधी माहीत असलेलं बरं.

निष्पन्न

दोन महिन्यांनी वर्गात दिसलेले बदल ठळक होते. "का?" विचारल्यावर येणारी ती शांतता गेली. उत्तरं लांबली, एका शब्दाची दोन-तीन वाक्यं झाली. खेळाच्या कोपऱ्यात एक मुलगा दुसऱ्याला "कशावरून?" विचारताना ऐकू आला, तोही अगदी ताईंच्या आवाजात. चष्म्याच्या गोष्टीवर पुढे एक प्रश्न वर्गानेच काढला, चष्माच का, चप्पल का नाही? त्यावर उत्तर आलं, "चष्म्याशिवाय आजीला एसटीची पाटी कशी वाचता येईल?" हा प्रश्न आमच्या कागदावर नव्हता.

काही गोष्टी जमल्या नाहीत. "शेजारच्याच्या कानात सांगा" हा प्रयोग फसला. कानात फुंकर मारणं आणि हसणं एवढंच झालं. बरीच मुलं एकाच वेळी विचारात पडावीत म्हणून तो केला होता. आता ताई एखाद्या प्रश्नाला "मिनू बरोबर वाटते त्यांनी उभं राहा" म्हणतात आणि उभ्या-बसलेल्या दोघांनाही कारण विचारतात. हे जास्त चांगलं चालतं.

सर्वांत अवघड ठरला "आजीला कळलं होतं का?" हा प्रश्न. बहुतेकांचं उत्तर "नाही, कुणी सांगितलंच नाही" असंच राहिलं. यात नवल नाही. दुसऱ्याचा समज आपल्यापेक्षा वेगळा असू शकतो, हे मुलांना साधारण चार-पाच वर्षांच्या सुमाराला कळू लागतं. पण मिनूला वाटतं की आजीला माहीत नाही आणि आजीला मात्र माहीत आहे, असं दोन मनांचं एकात एक बसलेलं कोडं उलगडायला बरेचदा सहा-सात वर्षं लागतात. ताईंनी ते रेटलं नाही. "आजी मिनूकडे बघते तेव्हा तिचे डोळे कसे आहेत?" एवढ्यावर थांबल्या. काहींनी "हसरे" म्हटलं, तिथेच ते सोडून दिलं.

पालकांकडून तक्रारही आली. एका आईने विचारलं, "गोष्ट सांगता, पण तात्पर्य सांगत नाही, मग संस्कार कसे होणार?" ताईंनी पालकसभेत तीच गोष्ट पालकांना वाचून दाखवली आणि आजीला कळलं होतं का, एवढंच विचारलं. सभेत दोन तट पडले. एक आजोबा म्हणाले की आजीला रात्रीच कळलं होतं, म्हणून तर ती डब्याकडे गेली नाही. त्यावर पुन्हा पानं उलटली गेली. तात्पर्याचा प्रश्न त्या सभेत पुन्हा कोणी काढला नाही, पण तो मिटला असं मी म्हणणार नाही. काही घरांना ते हवंच असतं आणि त्यांच्याशी बोलत राहावं लागेल.

पुन्हा करायचं तर

पहिला बदल संख्येचा. प्रश्न जमू लागल्यावर ताईंचा उत्साह वाढला आणि पुढच्या एका पुस्तकासाठी त्यांनी माळा चार ओवल्या. त्या दिवशी मुलं दहा मिनिटांत चुळबुळ करू लागली आणि दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक काढल्यावर एकाने विचारलं, "ताई, आज नुसतं वाचाल?" एका वाचनानंतर एकच माळ, सहा-सात प्रश्नांची, हे आता ठरलेलं आहे. काही दिवशी प्रश्न मुळीच नाहीत.

दुसरा बदल पुस्तकाच्या निवडीचा. चष्म्याच्या गोष्टीत मजकूर आणि चित्र यांच्यात मुद्दाम सोडलेली जागा आहे. मुंगीच्या वारुळाचं माहितीचं पुस्तक घेतलं तेव्हा आमची पद्धत तशीच चालली नाही. तिथे कुणाच्या मनात शिरायचं नव्हतं, कारण आणि परिणाम जोडायचे होते. "पाऊस पडल्यावर मुंग्या माती का बाहेर काढत असतील?" याला पुरावा पुस्तकात एका पानावर आणि अंगणात एका कोपऱ्यात होता. माळ ओवायची रीत तीच राहिली, शेवटून सुरुवात. पण पुरावा गोळा करायला वर्गाला उठून बाहेर जावं लागलं आणि ते आधी ठरवायला हवं होतं.

तिसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. चार मुलं 'कशावरून'ला अजूनही बोलत नाहीत. त्यातलं एक मूल विचारलं की न बोलता नेमक्या पानावर बोट ठेवतं. त्याला अनुमान येतं हे स्पष्ट आहे, शब्द येत नाहीत. बाकीच्या तिघांबद्दल ते सांगता येत नाही. त्यांना प्रश्न कळत नाही, की पुरावा आठवत नाही, की 24 जणांसमोर बोलायचं नाही? ताईंनी ठरवलं आहे की पुढचे काही आठवडे या तिघांना खाऊच्या सुट्टीत एकेकटं जवळ घेऊन तेच पुस्तक वाचायचं, प्रत्येकाला फक्त दोन प्रश्न विचारायचे, एक आठवणीचा आणि एक त्यावरच उभा राहणारा, आणि कोण कुठल्या प्रश्नाशी अडतं ते वहीत लिहायचं.